नवसाबाईंचा परिचय

नवसाबाईंना स्वतःचं कौतुक करायला कुणाची मदत लागत नसे. जुन्या नाशकात त्या सुईण म्हणून फिरत, आणि बाळंतिणीच्या दारात पाऊल टाकताच मोठ्यानं सांगत, "आता घाबरायचं नाय. मी आलीय." बहुतेक घरी तेवढ्यानं निम्मं काम होई.

१९३४ साली गावातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून एक छोटं प्रसूतिगृह उभं केलं. तिथं मुख्य सुईण नेमायची होती. कमिटीचे चिटणीस डॉक्टर गर्गे यांनी इच्छुक बायकांकडून अर्जासोबत पानभर परिचय मागवला. निवड झालेल्या बाईचा परिचय उद्‌घाटनाच्या पुस्तिकेतही छापायचा होता.

नवसाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचे जावई भिका दुकानांच्या पाट्या रंगवत आणि नाटक कंपनी गावात आली की तिच्या जाहिराती लिहून देत. परिचय त्यांनीच लिहिला. सुरुवात अशी होती : "नाशिकनगरीची जगन्माता! धन्वंतरीची साक्षात भगिनी! जिच्या करस्पर्शाने अर्धे नाशिक जन्मास आले! जिच्या हातून आजवर एकही बाळंतीण दगावली नाही!" पुढं आणखी बरंच होतं आणि प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह होतं. नवसाबाईंनी तो दोनदा वाचून घेतला. "बराय," त्या म्हणाल्या. "जरा कमीच लिवलंय."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागद परत पाठवला. सोबत निरोप होता : "कमिटी हसेल आणि अर्ज बाजूला ठेवील. नीट लिहून आणा. मुदत शनिवारपर्यंत."

नवसाबाई कागद घेऊन थेट अन्सार यांच्याकडे गेल्या. अन्सार मूळचे मालेगावचे, विणकराच्या घरातले. नाशकात एका छापखान्यात प्रुफं तपासत. त्यांची दोन्ही मुलं नवसाबाईंच्याच हातची.

"मावशी, यात तुम्ही कुठं दिसत नाही," वाचून झाल्यावर अन्सार म्हणाले.

"सगळीकडं मीच हाय की!"

"जगन्माता आहे. धन्वंतरीची बहीण आहे. सुईण नाही."

कागद ठेवून घेऊन त्यांनी संध्याकाळपर्यंत नवा मजकूर केला आणि वाचून दाखवला : "सदर बाई बरीच वर्षे सुईणकाम करीत असून त्यांस अनुभव आहे. वर्तन समाधानकारक."

नवसाबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"ही कोण बाई रे? हिला तर मी माझ्या लेकीच्या बाळंतपणालाबी बोलवायची नाय."

अन्सारनी कागदाकडं पाहिलं आणि मान डोलावली. चूक त्यांचीच होती. फुशारकी काढता काढता त्यांनी बाईच काढून टाकली होती.

"बसा," ते म्हणाले. "आता विशेषणं राहू द्या. काय काय केलंत ते सांगा. कधी, कुठं आणि सोबत कोण होतं, तेही."

आतून चहा आला. नवसाबाई सांगू लागल्या.

"मानमोडीच्या साथीत आख्खी पंचवटी मी एकटीनं जगवली."

"एकटीनं?"

"तसा तो सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर होता. औषध त्यो द्यायचा."

"आणि तुम्ही?"

"ज्या घरात सगळीच आडवी, तिथं बाळंतपणं. दुसरी कुणी जात नव्हती. भ्यायच्या."

अन्सारनी लिहिलं : "इन्फ्लुएंझाच्या साथीत आजारी घरांतील बाळंतपणे केली. त्या काळात अशा घरी जाण्यास इतर सुइणी तयार नव्हत्या." मग विचारलं, "हे खरं म्हणून सांगणारं कुणी आहे?"

"कंपाउंडर हाय ना अजून. विचार त्याला."

"मग दुसरं वाक्यही राहू दे."

सरकारी दवाखान्यात सुईणकाम शिकून त्या परीक्षा पास झाल्या होत्या. भिकांनी त्याचं "नाशिकातील प्रथम आणि एकमेव सुशिक्षित सुईण" केलं होतं. प्रथम कोण ते अन्सारना ठाऊक नव्हतं, नवसाबाईंनाही नव्हतं. आणि एकमेव नव्हे हे तर दोघांनाही माहीत होतं. प्रथम आणि एकमेव गेलं. परीक्षा मात्र साल घालून पहिल्या ओळीत आली. इगतपुरीकडच्या खेड्यांतल्या सुइणींना त्यांनी कात्री उकळून घ्यायला आणि हात साबणानं धुवायला शिकवलं होतं. ही गोष्ट भिकांच्या मजकुरात नव्हतीच.

"ही का नाही सांगितली त्यांना?"

"त्यात काय सांगायचं? हात धुवायचं कुणी नाटकात दाखवतं का?"

अन्सारनी ती दुसऱ्या ओळीत घातली. अर्ध्या नाशकाचं "सहाशेहून अधिक बाळंतपणे" झालं. हा आकडा पक्का आहे ना, हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा नवसाबाई चिडल्या, म्हणून तो पक्का मानला. परीक्षेच्या दाखल्यातलं दवाखान्याच्या तेव्हाच्या डॉक्टरांचं वाक्य, "हात स्वच्छ व डोके शांत", अवतरणात डॉक्टरांच्याच नावानं ठेवलं. हे कौतुक बाईंचं स्वतःचं नाही, हे वाचणाऱ्याला कळायला हवं होतं.

शेवटी एक वाक्य उरलं.

"एकही बाळंतीण दगावली नाही. हे ठेवायचं?" अन्सारनी विचारलं.

नवसाबाईंनी चहाची बशी बाजूला सारली.

"भागीबाई गेली," त्या म्हणाल्या. "कुंभारवाड्यातली. पोर आडवं होतं. मला वाटलं, फिरवीन. फिरलं नाय. बैलगाडी जोडून नेली, तवर उशीर झाला होता."

अन्सारनी टाक खाली ठेवला.

"त्याच्या पुढं मी कधी वाट नाय पाहिली. आडवं लागलं की गाडी. सासू ओरडू दे, नवरा ओरडू दे. लय जणी वाचल्या तशा. पण त्या माझ्या हातच्या नाय म्हणता येत. डॉक्टरनं सोडवल्या."

"तुम्ही वेळेवर पोचवल्या."

"ते लिवता येतं?"

"तेच तर लिहायचं."

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं : "अडलेली बाळंतीण ओळखून वेळीच दवाखान्यात पोचवतात, अशा अनेक स्त्रिया तेथील डॉक्टरांच्या हातून सुखरूप सुटल्या आहेत." भागीबाईचं नाव कुठं आलं नाही. नवसाबाईंनी सगळा मजकूर ऐकला. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. "कोरडा हाय," त्या म्हणाल्या, "पण मीच हाय."

कमिटीपुढं पाच अर्ज आले. पैकी एकीनं मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं नाव लिहिलं होतं, पण तिथं काय केलं ते लिहिलं नव्हतं. नवसाबाईंच्या परिचयातलं शेवटचं वाक्य डॉक्टर गर्ग्यांनी मोठ्यानं वाचलं. ते आता सरकारी दवाखान्यातच होते, त्यांच्याकडं अशा गाड्या आल्या होत्या. गाडीतून उतरून नवऱ्याला झापणारी बाई त्यांच्या लक्षात होती, तीच नवसाबाई हे मात्र त्या दिवशी कळलं. एक सभासद म्हणाले, बाई बोलते फार. डॉक्टर म्हणाले, ते परिचयात लिहिलेलं नाही, पण खरं आहे. नवसाबाईंची नेमणूक झाली.

उद्‌घाटनाला नवसाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्षांनी पुस्तिका उघडून परिचय वाचायला घेतला. ते दुसऱ्या ओळीवर असताना फाटकाशी टांगा थांबला आणि आतून एका बाईच्या कण्हण्याचा आवाज आला. नवसाबाई उठल्या, पदर खोचला, आणि "आता घाबरायचं नाय," असं म्हणत सगळ्यांच्या समोरून निघून गेल्या. अध्यक्ष क्षणभर थांबले. मग उरलेला परिचय त्यांनी रिकाम्या खुर्चीकडं पाहत शेवटपर्यंत वाचला. त्यांच्यासाठी आणलेला हार डॉक्टर गर्ग्यांच्या हातातच राहिला. मुलगी झाली. चांगली सात पौंडांची.