पोटऱ्यांचे पेटके आणि माझी खानावळ

माझ्या खानावळीत जेवणारे सगळे मला मावशी म्हणतात, आणि माझ्या दुखण्यावर औषध त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. खानावळ मोहोपाड्याला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नवरा गेल्यावर मी ती एकटीनं उभी केली. पहाटे कणीक मळायची, पहिल्या पाळीचे डबे भरायचे, मग दुपारची पंगत. रात्रीचं जेवण उरकून भांडी पालथी घालेपर्यंत मी उभीच असते.

आणि अंथरुणाला पाठ लागून डोळा लागला की पोटरीत गोळा यायचा. साधा दुखावा नव्हे. आतून कुणीतरी मांस पिळून धरल्यासारखं व्हायचं, पोटरी दगडासारखी कडक, अंगठा खाली ओढलेला. मी तशी तोंडानं तिखट बाई, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटायचा नाही. मुलगा उठून पाय चोळायचा, पुन्हा झोपायचा, पुन्हा उठायचा. दुसऱ्या दिवशी त्यालाही खोपोलीला नोकरीवर जायचं असायचं.

जेवायला येणाऱ्यांनी मला काय काय करायला लावलं! एकानं उशाला लोहचुंबक ठेवायला सांगितला. एकानं चादरीखाली साबणाची वडी. बॉयलरवर काम करणाऱ्या एका पोरानं तर कारखान्यात उन्हाळ्यात वाटतात ती क्षारांच्या पावडरीची पाकिटं खिसा भरून आणली आणि म्हणाला, "मावशे, घामानं मीठ जातं गं, हे पी." मला पटलं. भरपूर प्यायले. पेटके होते तिथेच राहिले, वर घोटे सुजले आणि डोकं जड झालं. मला ब्लडप्रेशर आहे आणि त्या पावडरीत मीठ असतं, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

मुलानं मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. मोबाइलवर काहीबाही वाचून तो म्हणाला, "आई, तुझ्या पायाच्या नसा बंद झाल्यात. आता उभं ऱ्हायचं काम बंद." शेजारच्या गाळ्यातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला माझा गाळा हवाच होता. दिवाळीनंतर त्याला द्यायचा, असं त्या दोघांचं बोलणंही झालं. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या शेगडीवर हा शिकला, ती विझवायला हा निघाला होता. पण रोज रात्री त्याच्याच हातात माझी पोटरी असायची, त्यामुळे दिवसा भांडायला मला तोंड उरत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत पाय बरा झाला नाय, तर मीच चावी देईन त्याच्या हातात. पण तोवर गाळ्याचं नाव काढू नको."

आणि त्याच आठवड्यात गावातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळ्या गोळ्या घेऊन या म्हणून सांगितलं होतं, म्हणून पिशवीच नेली. त्यांनी आधी गोळ्यांना हात लावला नाही. माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवली, मग घोट्याच्या मागे, आणि बराच वेळ तशाच बसल्या.

"चालताना पोटरी भरून येते, आणि थांबलात की दुखायचं थांबतं, असं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाय हो. बाजारातनं भाजीची गोण घेऊन चालत येते. चालताना काय एक नाय. निजले की सुरू."

"पायातली नाडी छान लागते आहे. रक्त खाली नीट पोचतंय. रक्त पोचत नसतं तर चालताना त्रास झाला असता."

मुलगा शेजारी बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

मग बाईंनी पिशवीतली ब्लडप्रेशरची गोळी उचलली. "ही कधी घेता?"

"रात्री निजायच्या आधी. सकाळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. मग चपात्या कोण लाटणार? आमचा संडास पार टायरवाल्याच्या मागं हाय."

"आणि पाणी किती पिता?"

"संडास लांब हाय म्हटलं ना. दिवसा चहा पिते. पाणी जेवताना घोटभर."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "ही गोळी अंगातलं पाणी लघवीतून काढते, आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. दिवसा शेगडीपुढे घामानं पाणी जातं, रात्री गोळीनं जातं, आणि तुम्ही भरत काहीच नाही. त्यात दिवसभर उभं राहून पोटऱ्या थकलेल्या. सगळ्यांचे पेटके क्षारांमुळेच येतात असं नाही, पुष्कळदा कारण सापडतही नाही. तुमचं रक्त तपासूनच बघू."

तपासणीत पोटॅशियम कमी निघालं. बाईंनी ती गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली, सकाळी घ्यायला सांगितली, आणि मनानं एकही गोळी बंद करायची नाही म्हणून दम भरला. पोटॅशियम भरून काढायला थोडे दिवस औषध दिलं आणि रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. पावडरीची पाकिटं बॉयलरवाल्याला परत गेली. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. आणि निजण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. पेटका आलाच तर चोळत बसण्याआधी पावलाची बोटं स्वतःकडे ओढायची.

संडासाचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला. टायरवाल्याला सांगितलं, "तुझ्या दुकानातनं मागं जायला दार हाय, ते दिवसा उघडं ठेव. नायतर उद्यापासून डबा बंद." दार उघडं राहिलं. माझ्या हाताच्या माशाच्या कालवणापुढे कुणाचं काही चालत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

पेटके एका दिवसात गेले नाहीत. आधी रोजचे होते ते एकाआड एक रात्री यायला लागले, मग आठवड्यातून एखादा. आला तरी मी बोटं ओढायची आणि तो सुटायचा. मुलाला उठवायची वेळ येईनाशी झाली.

आणि दिवाळीच्या तोंडावर एका कारखान्याचं शटडाऊन लागलं. वर्षाची दुरुस्ती, बाहेरगावचे कामगार आलेले, दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवायला. मुलगा म्हणाला, "नको घेऊ, आई. पुन्हा पाय धरतील." मी घेतलं. मदतीला दोन बायका लावल्या, मध्ये मध्ये स्टुलावर बसले, पाण्याचा तांब्या शेगडीशेजारीच ठेवला. पूर्ण शटडाऊन निभावलं. एक माणूस उपाशी गेला नाही.

शेवटची पंगत उठली त्या रात्री मी भिंतीशी पोटऱ्या ताणल्या आणि पडले. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. पहिल्या पाळीचे डबे! पदर सावरत तशीच गाळ्यावर धावले. शटर वर होतं, बाहेर माणसं बाकावर बसली होती, आणि आत माझा मुलगा कोपरापर्यंत पीठ माखून चपात्या लाटत होता. एकही गोल नव्हती.

"उठवलं का नाय रं?" मी ओरडले.

"किती वर्षांनी अशी निजलीस," तो म्हणाला. त्यानं तव्यावरची चपाती उलटली, ती करपली होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मोबाइलवाल्याला सांगितलं मी. गाळा देयाचा नाय."

मी त्याच्या हातातून लाटणं घेतलं आणि त्याला डबे भरायला लावलं.