पंधरा फेब्रुवारीला हजर

गेल्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, माझी शाळेची सुट्टी संपली का गं कधी?" तुझा भाऊ मागे हसला. मीही हसले आणि विषय बदलला. पण प्रश्न बरोबर होता. तुम्ही दोघं आता कळत्या वयाची झाला आहात, म्हणून जे घडलं ते लिहून ठेवते. एक कागद आणि नोंदींचं एक पान माझ्याजवळ आहे, त्यामुळे माझ्या आठवणीवर फार विसंबावं लागणार नाही.

तू चौथीत होतीस, तुकडी ब, हजेरी क्रमांक एकोणीस. तुझा भाऊ अजून अंगणवाडीतही जात नव्हता. तुझे बाबा परभणीच्या आपल्या घरातूनच एका कंपनीचं काम करायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते म्हणाले, "आई, जानेवारीत सगळे ऑस्ट्रेलियाला जाऊन येऊ म्हणतो. हिच्या बहिणीकडे. जरा फिरूही." हिच्या म्हणजे तुझ्या आईच्या. मला गुडघ्यामुळे एवढा प्रवास जमणार नव्हता आणि ते मी न विचारताच सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "तेच म्हणणार होतो." तुझी आई तेव्हा चपातीचं पीठ मळत होती. ते केव्हाच मळून झालं होतं, तरी तिचे हात थांबले नव्हते.

मग अर्जाची गोष्ट निघाली. चार-आठ दिवसांची रजा असती तर तुझ्या डायरीत दोन ओळी लिहून भागलं असतं. पण महिन्यापेक्षा जास्त रजा म्हणजे वर्गशिक्षकांच्या नावे रीतसर अर्ज, आई-वडील दोघांच्या सह्या, आणि त्यावर वर्गशिक्षकांचा शेरा पडून तो मुख्याध्यापकांकडे जातो. बाबांनी अर्ज लिहिला आणि सवयीने माझ्यापुढे ठेवला. आयुष्यभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. या घरात शाळेत जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या चष्म्याखालून जायचा, हे तुला माहीत आहे.

त्यांनी लिहिलं होतं:

"माझी मुलगी कुटुंबासह परदेशी प्रवासास जात असल्याने सहा जानेवारीपासून शाळेत येऊ शकणार नाही. परतीचं अजून नक्की ठरलेलं नाही. ठरल्यावर कळवतो. तोवर रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

मी लाल पेन घेतलं. "अरे, हा अर्ज आहे का निरोप? 'पासून' आहे, 'पर्यंत' कुठे आहे? असा अर्ज कोण मंजूर करेल?"

"आई, तारीख खरंच ठरलेली नाही."

"मग ठरव. व्हिसा किती दिवसांचा आहे?"

त्यांनी तुझ्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, राहू द्या ना तसंच. सर समजून घेतील."

"सर समजून घेतील, हजेरीपट समजून घेत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. सव्वीस जानेवारीच्या कवायतीत तू होतीस, ती चुकणारच होती. एप्रिलची परीक्षा मात्र चुकता कामा नये. त्याआधी अभ्यास भरून काढायला दोन महिने हवेत. असं मागे मागे मोजत मी पंधरा फेब्रुवारीवर आले. गुरुवार होता. सहा जानेवारी ते चौदा फेब्रुवारी, दोन्ही दिवस धरून चाळीस दिवस. "परतीचं अजून नक्की ठरलेलं नाही" या ओळीवर मी लाल रेघ मारली आणि वर लिहिलं: "दि. १५ फेब्रुवारी रोजी ती वर्गात हजर राहील."

बाबांनी ते स्वच्छ कागदावर उतरवलं. त्या ओळीपाशी पेन थांबलं. "शाई संपली का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन मी स्वतः शाळेत गेले. तुझे वर्गशिक्षक ताडकळसहून रोज मोटारसायकलवर यायचे. डोक्याला मफलर, हातात हेल्मेट. मला पाहून उठून उभे राहिले. "बाई, बसा. तुमच्या ग्रंथालयात मी पुस्तक उशिरा दिलं म्हणून तुमी मला अर्धा तास उभं केलं व्हतं. आज तुमी बसा, मी उभा राहतो."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "अर्ज लय चांगला हाय. तुमी सांगितला असणार."

मग ते कामाचं बोलू लागले. या दिवसांतली तोंडी कामं आणि प्रात्यक्षिकं तू आल्यावर स्वतंत्रपणे घेतली जातील. अभ्यास घरी पूर्ण करून घेऊ, असं पालकांनी वेगळं लिहून द्यावं. तिथला पत्ता आणि फोन द्यावा. न कळवता लेकरू गैरहजर राहिलं, तर त्यांना घरी येऊन चौकशी करावी लागते आणि शेवटी ते नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जातं. अर्ज असला की हजेरीत 'रजा' लागते आणि पटावर नाव राहतं.

"आन् तिकिटाची झेरॉक्स जोडा. जायची आन् यायची."

"यायचं अजून काढलेलं नाही. तिकडूनच काढणार आहेत."

सरांनी पेन्सिलीने समासात लिहिलं: परतीचे तिकीट नंतर. पेन्सिल त्यांनी कानावर ठेवली.

"बाई, राग मानू नका. माझ्या वर्गातली पाच लेकरं दरसाल आईबापासंगं ऊसतोडीला जात्यात. त्यांचा बाप येऊन म्हणतो, सर, कारखाना बंद झाला की येतो. तारीख न्हाई, कागद न्हाई. पण ती लेकरं येत्यात. वैशाखात का होईना, येत्यात. ज्यांनी पक्की तारीख लिहून दिली, त्यातली दोन अजून आली न्हाईत."

"आमच्या घरात लिहिलेलं पाळतात," मी म्हणाले.

"तुमच्या घराचं म्हणत न्हाई, बाई. तारखेचं म्हणायलोय."

घरी येताना रिक्षात मला थंडी वाजली. डिसेंबर होता, वाजणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत माझी फाईल रिकामी होत गेली. ती निळी, दोरीची फाईल तुला आठवत असेल. आधी बाबांनी तुझं लसीकरणाचं कार्ड मागितलं. मी झेरॉक्स दिली, त्यांना मूळ कार्ड हवं होतं. मग तुम्हा दोघांचे जन्माचे दाखले. मग पहिली ते तिसरीची प्रगतिपुस्तकं.

"फिरायला जाताना प्रगतिपुस्तक कशाला रे?"

"व्हिसाला लागतं, आई."

"चाळीस दिवसांच्या व्हिसाला?"

"हल्ली सगळंच मागतात."

मी प्रत्येक कागद दिला आणि फाईलच्या आतल्या पानावर नोंद केली: काय, कधी, कोणाकडे. शेवटच्या रकान्यात 'परत' असं लिहून जागा मोकळी सोडली. ग्रंथालयात तशीच रीत होती. निघायच्या आदल्या दिवशी मी ते पान उघडलं. सहा नोंदी होत्या आणि सहाही रकाने मोकळे. मी पान बघत बसले. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पान पाहिलं, मला पाहिलं. मला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी म्हणाले, "तिथे कागद एकाच पिशवीत ठेवा. हरवू नका."

"हो," ते म्हणाले, आणि उगाचच माझ्या पाया पडले. निघायला अजून एक दिवस होता.

निघायच्या दिवशी सकाळी आपली रोजची वंदना म्हणून झाल्यावर तू माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "आजी, माझा कवायतीचा पांढरा ड्रेस धुऊन ठेव. आल्यावर सरांना करून दाखवते." तुला काहीच माहीत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे कधी तुला वाटेल की आपणही आजीशी खोटं बोललो. तू बोलली नाहीस.

चाळीस दिवस मी दिनदर्शिकेवर फुल्या मारल्या. तुझे फोन यायचे. समुद्र दाखवलास, मावशीचं मांजर दाखवलंस. जानेवारीच्या शेवटी तुझ्या मागे एक निळा गणवेश टांगलेला दिसला. "मावशीच्या मुलीचा असेल," मी म्हणाले. तू म्हणालीस, "तिला मुलगी नाहीये, आजी," आणि फोन आईने घेतला.

तरीही चौदा तारखेला मी तुझा गणवेश इस्त्री केला. पंधराला सकाळी डब्यात थालीपीठ भरलं. विमानाची वेळ कोणी कळवली नव्हती. म्हणजे तुम्ही येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण तारीख मी लिहिली होती. निदान मी तरी ती पाळावी.

अकराच्या सुमाराला सरांचा फोन आला. "बाई, हजेरी घेतली. एकोणीस नंबरला काय लावू? आजपासून रजा न्हाई."

"गैरहजर लावा," मी म्हणाले.

"आज मोकळं सोडतो. उद्या बघू."

"नाही, सर. लावा."

मग मी बाबांना फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. ते म्हणाले, "आई, तुझ्याशी बोलायचंच होतं." तिथली नोकरी सप्टेंबरातच पक्की झाली होती. तुझं नाव तिथल्या शाळेत जानेवारीतच घातलं होतं. नोकरी टिकली नाही तर परत यावं लागेल, म्हणून इथलं नाव पटावर राहू द्यायचं होतं. आणि मला सांगायचा धीर होत नव्हता.

"मग अर्जात खोटं का लिहिलंस?"

ते मग अगदी हळू म्हणाले, "मी नव्हतं लिहिलं, आई."

त्यांनी मार्चमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज पाठवला. दाखला घ्यायला मीच गेले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: पालकांचे स्थलांतर. सरांनी हजेरीपट उघडून तुझी ओळ दाखवली. चाळीस दिवस 'रजा', त्यापुढे 'गैरहजर', आणि मग नावावर आडवी रेघ. पंधरा फेब्रुवारीचा चौकोन मात्र त्यांनी मोकळाच ठेवला होता. तपासणीत बोलणी खावी लागली असतील.

दाखला मी तुम्हाला पाठवला. नोंदीच्या पानावर ती सातवी ओळ. फाईलमध्ये आता एकच कागद आहे, तुझ्या बाबांचा तो पहिला कच्चा अर्ज. लाल रेघेखालून त्यांची ओळ अजून स्वच्छ वाचता येते. परतीचं अजून नक्की ठरलेलं नाही. ठरल्यावर कळवतो.