दोन रेघा

माणसावर चटकन विश्वास ठेवणं मला कधी जमलं नाही, आणि धुळ्यात कर सल्लागार म्हणून बसायला लागल्यापासून तर मुळीच नाही. कागद जितका स्वच्छ, तितका मी तो जास्त वेळ उलटापालटा करतो. त्या सप्टेंबरमध्ये साक्रीच्या अक्का हिशेब घेऊन आल्या आणि त्यांचा कागद फारच स्वच्छ होता.

अक्का मक्याच्या व्यापारी. डोंगराकडच्या गावांतून मका घ्यायचा आणि कोंबडीखाद्याच्या कारखान्यांना पाठवायचा. वर्षाची उलाढाल चार कोटींच्या वर. एक कोटी ओलांडलं की टॅक्स ऑडिट लागतं, पण एक सवलत आहे. वर्षभरात आलेल्या पैशात रोख पाच टक्क्यांच्या आत आणि दिलेल्या पैशातही रोख पाच टक्क्यांच्या आत असेल, तर दहा कोटींपर्यंत ऑडिट लागत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या आणि दोन्ही पास व्हायला हव्यात.

कारखान्यांचे पैसे थेट खात्यात, त्यामुळे जमेची बाजू साफ होती. देण्यातली रोख त्यांनी लिहिली होती तीन पूर्णांक नऊ टक्के.

साक्रीत मक्याचा व्यापार आणि रोख चार टक्केसुद्धा नाही? पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी मनात पक्कं केलं.

"अक्का, शेतकऱ्यांना पैसे कसे देता?"

"बठ्ठा पैसा बँकमाईनच जास भाऊ. रोख फक्त हमालीना शे. त्यामा लपाडानं काय?"

लपवायचं काही नाही असं कोणी आपणहून म्हटलं की माझा संशय वाढतो. त्यांना परत पाठवलं आणि तीन दिवस त्यांचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो. शेतकऱ्यांच्या नावांपुढे जागोजागी काउंटरवर रोख दिल्याची नोंद होती, आणि बहुतेक सगळ्या आठवडे बाजाराच्या दिवशी. सापडली, म्हटलं. खोटी नावं घालून अक्का स्वतःच पैसे काढतात. खरं सांगतो, मला आनंद झाला.

चौथ्या दिवशी त्यांना बोलावून नोंदींवर बोट ठेवलं. अक्कांनी न चिडता कापडी पिशवीतून चेकबुकांचे गठ्ठे काढले. प्रत्येक चेकची पावती, तिच्यावर शेतकऱ्याची सही, नाहीतर अंगठा. एकही नाव खोटं नव्हतं. डोंगराकडचा माणूस बाजाराला येतो, माल देतो आणि त्याच दिवशी पैसे घेऊन तेल-मीठ भरून परततो. रेघा मारलेल्या चेकचे पैसे खात्यातच जमा होतात, हातात मिळत नाहीत, म्हणून तो सांगतो, चेकवर रेघा मारू नका. तेव्हा अक्का उघडा चेक देत आल्या. त्यावर दोन तिरप्या रेघा नाहीत आणि त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी' हे शब्द नाहीत.

या पाच टक्क्यांच्या मोजणीत 'अकाउंट पेयी' नसलेला चेक कायदा रोखच धरतो. शेतकऱ्याचा माल आहे म्हणून रोखीचा खर्च नाकारला जात नाही, पण मोजताना सुटकाही मिळत नाही. मी पुन्हा बेरीज केली. देण्यातली रोख सदतीस टक्क्यांवर गेली.

"अक्का, ऑडिट लागणार. हे चेक रोखीत धरायला हवे होते."

"तुमीनच सांगं व्हतं ना भाऊ, चेक दिधा म्हंजे रोख नही."

मी कपाटातून गेल्या वर्षीची फाईल काढली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात होतं, 'चेक = बँक. ऑडिट नाही.' तेव्हाही चेक उघडेच होते. मी एकही पाहिला नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी तीन दिवस भिंग लावून शोधत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"मंग मागला सालनं काय?"

या वर्षीचं ऑडिट मुदतीत होणार होतं. गेल्या वर्षीची मुदत उलटून गेली होती. उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातली कमी असेल ती रक्कम दंड म्हणून लागू शकते. अक्कांच्या बाबतीत पुरते दीड लाख. योग्य कारण दाखवलं तर तो माफ होऊ शकतो, आणि दाखवण्यासारखं कारण एकच होतं, मी.

ऑडिटसाठी त्यांना एका सीएंचा पत्ता दिला. मग लेटरहेड काढून लिहिलं, की यांनी एकही चेक माझ्यापासून लपवला नाही, ऑडिट लागत नाही हा सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. सही केली.

अक्कांनी चष्मा लावला. पत्र ओळीवर बोट फिरवत वाचलं, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझा कागद एवढ्या संशयाने आजवर कोणी वाचला नव्हता. मग माझ्या सहीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तो कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"आठे दोन रेघा मारी द्या भाऊ. मोकळी जागा नको."

मी मारल्या.