‘सुटला’ या शब्दाची शहानिशा

आमच्या बारचा कोणी वकील गेला की कोर्टात शोकसभा भरते, आणि त्याची माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी सचिव. बाकीचे ऐकीव गोष्टींवर भाषणं ठोकतात. मला ऐकीव चालत नाही, मग मी खवट ठरते. ठरू दे.

आमच्या चंद्रपूर बारचे एक जुने वकील गेले, तेव्हा त्यांची मुलगी आरमोरीहून आली. म्हणाली, “बाई, बाबांची ती खुनाची केस सभेत नक्की वाचा. माणूस सुटला होता. लोकं अजून सांगतात.” त्या घराला सांगण्यासारखं तेवढंच होतं.

“वाचते, पण आधी पाहते,” मी म्हटलं.

सनदेची तारीख राज्याच्या वकील परिषदेकडून मागवली. मध्ये सरकारी नोकरीसाठी त्यांनी सनद स्थगित ठेवली होती. ती वर्षं वकिलीतून वजा केली तर त्यांचे एक भाऊ चिडले. “मेलेल्या माणसाची वर्षं काऊन कापून राह्यल्या?” तरी कापली.

मग केस. गडचिरोलीकडची, पण तो जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची, म्हणून आमच्याच अभिलेख कक्षात. वकालतनामा केव्हाच नष्ट केलेला, पण निकालपत्र कायम जपतात. आरोपीतर्फे त्यांचंच नाव होतं. शेवटी जन्मठेप. वाटलं, वरच्या कोर्टात सुटला असेल. मागे नागपूर खंडपीठाचा आदेश टाचलेला होता: सुनावणी बाकी असताना अपीलकर्ता तुरुंगात मरण पावला, सबब अपील संपुष्टात.

आमच्याकडे कोणी हाल काढून गेला की म्हणतात, “सुटला बिचारा.” गावाने तेच म्हटलं असणार. बारने ऐकलं, निर्दोष सुटला. त्या केसचं कौतुक निघालं की वकीलसाहेब मान खाली घालून म्हणायचे, “सुटला खरा.” आम्हाला तो विनय वाटायचा. काय मूर्ख होतो आम्ही.

कक्षातून निघताना मागून कोणीतरी त्या केसचा पुकारा करील असं वाटत राहिलं. व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी वळून पाहिलं.

मुलीला सगळं सांगितलं.

“मग ती केस वाचू नका,” म्हणाली. मग हळूच म्हणाली, “बाबा झोपेत बोलत. ‘थांब, पुढच्या तारखेले नक्की लागते आपली केस.’ मी एकदा विचारलं, बाबा, कोणाले सांगता? तं म्हणे, ‘अशील आहे. रोज येते, बसून राह्यते. अपील संपलं म्हणून त्याले अजून सांगतलंच नाई.’”