बरणीची टीट

माजिवड्याच्या चौकात आम्ही थांबलो तेव्हा अर्धी वाट झाली होती. बाळकुमहून निघून कापूरबावडीवरून खोपटला जायचं होतं. शेवंतीबाईंनी काचेची बरणी पदराखाली दोन्ही हातांनी धरली होती, तान्हं मूल न्यावं तशी. माझ्याकडे पांढऱ्या कार्डशीटची गुंडाळी आणि पिशवीत बशी, चमचा, जुनं मऊ धोतर.

"रिक्षा केली असती," मी म्हटलं.

"रिक्षात हिंदकळतं वैनी. तेल काचेला वर चढतं, मग काच मेणचट दिसते. तूच बोललीस ना, काच साफ पायजे?"

बोलले होते खरी. मी चालू लागले.

शेवंतीबाई बाळकुम गावातल्या. त्यांचे सासरे खाडीत जाळी टाकायचे. पुढे खाडीतली मासळी कमी झाली, नवरा सहदेव एका कारखान्यात लागला, आणि शेवंतीबाईंनी आंब्याचं लोणचं घालायला घेतलं. वीस वर्षं ते लोणचं टेंभी नाक्याच्या एका दुकानात जायचं. दुकानदार त्याला स्वतःचा कागद चिकटवायचा. गिऱ्हाईक दुकानाचं नाव घेऊन कौतुक करायचं आणि शेवंतीबाई बाजूला उभ्या राहून ऐकायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त मला एकदा म्हणाल्या, "लोनचं माझं, नाव त्याचं. पोर दुसऱ्याच्या नावावर शाळेत घातल्यासारखं वाटतं."

हे नव्व्याण्णव साल. आमच्या महिला मंडळाच्या सरस्वतीबाई, त्यांचा मुलगा परशुराम डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं इंटरनेटवर एक पान करायचं ठरवलं होतं. परदेशातल्या मराठी माणसांनी त्यावर पाहून घरगुती लोणची, मसाले मागवायचे. प्रत्येक बाईचं नाव, गाव आणि वस्तूचा एकच फोटो. फोटो चांगला नसेल तर ती वस्तू घ्यायची नाही, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. "काकू, त्यांना वास येत नाही, चव कळत नाही. त्यांच्याकडे फक्त डोळे आहेत."

पहिला फोटो मी काढला होता, आमच्या साध्या कॅमेऱ्यानं, शेवंतीबाईंच्या घरात. पहिली बरणी देवापुढे ठेवायची त्यांची रीत, म्हणून फोटोही देवापुढेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही घरात नवं काही आलं की आधी देवापुढे ठेवते. फ्लॅश मारला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात समई होती, तसबिरी होत्या, कॅलेंडर होतं, आणि मधे कुठेतरी बरणी. काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग, आतलं लोणचं काळं.

त्यातून आणखी एक झालं. एवढं जग ती बरणी बघणार म्हणून शेवंतीबाईंनी शेजारणीकडून काचेवर समोरच काजळाची टीट लावून घेतली होती. परशुरामनं फोटो पाहिला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "काकू, लोणच्याला बुरशी आलीय. हे मी कसं टाकू?"

मी हे शेवंतीबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तो फोटो घेऊन उजेडात धरला. मग म्हणाल्या, "वीस वर्सांत माझ्या बरनीला बुरशी नाय आली."

परशुरामनं शनिवारपर्यंत मुदत दिली. म्हणून ही पायपीट.

खोपटला एसटी डेपोच्या मागे पोपटरावांचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायचे. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बाई, मी नवरदेव बसवलेत, बारशाची पोरं बसवलीत. बाटली पहिल्यांदाच."

"नवरदेवापेक्षा गुनाची हाय," शेवंतीबाई म्हणाल्या. "हलनार नाय."

पोपटरावांनी बरणी निळ्या पडद्यापुढे ठेवून दोन दिवे लावले. काचेवर लगेच दोन दिवे उमटले. एक दिवा सरकवला, दुसरीकडे चमक आली. शेवटी दिवेच बंद करून ते मागच्या खोलीत गेले. तिथं खिडकी होती, ऊन थेट आत येत होतं. मी आणलेलं धोतर त्यांनी खिडकीवर बांधलं, ऊन मऊ झालं. टेबल खिडकीला लावलं, उजेड बरणीच्या एका बाजूनं आणि किंचित मागून येईल असं. कार्डशीट टेबलावर पसरून मागे भिंतीवर वाकवून चढवली, म्हणजे मागे कडा दिसू नये. कार्डाचा एक तुकडा उरला, तो मला खिडकीच्या समोरच्या बाजूला धरायला लावला. तसा धरल्यावर बरणीची अंधारी बाजू उजळली. तेलातून उजेड आरपार आला आणि तिखटाचा लाल रंग पहिल्यांदा दिसला.

"आता या," त्यांनी शेवंतीबाईंना कॅमेऱ्यात बघायला बोलावलं. कॅमेरा त्यांनी स्टँडवर खाली, बरणीच्याच उंचीला आणला होता, आणि आडवा नाही, उभा बसवला होता.

शेवंतीबाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. "झाकन वरच्या कडेला चिकटलंय. जरा मोकळं ठेवा. नि तुमचा गुलाबी सदरा माझ्या लोनच्यात कशाला?"

खरंच, काचेत सदरा दिसत होता. पोपटरावांनी काळी छत्री उघडून स्वतःला झाकलं आणि स्टँड जरा मागे घेतला. "बायको पण एवढी चूक काढत नाही," ते पुटपुटले.

मी लिहिलेला कागद बरणीवर समोर, खालच्या भागात चिकटवला: आंब्याचे लोणचे, शेवंती सहदेव भोईर, बाळकुम. पुढे पांढऱ्या बशीत चार फोडी ठेवल्या, साल दिसेल अशा. आता फक्त टीट राहिली. शेवंतीबाईंच्या कनवटीला काजळाची डबी होती, आणि त्यांचा हात तिच्यावरच होता.

"तळाला लावा ना," मी म्हटलं. "देवीला तळही दिसतो. कॅमेऱ्याला नाही."

त्यांनी विचार केला. मग बरणी उचलून माझ्यापुढे धरली. आपल्या वस्तूला आपण टीट लावायची नाही, आपलीच नजर जास्त लागते, असं त्यांच्यात मानतात. मी मनात जगदंबेचं नाव घेतलं आणि बोट टेकवलं. पोपटरावांनी तीन फोटो काढले.

मधला फोटो पास झाला. पंधरा दिवसांनी परशुरामनं आम्हांला डोंबिवलीला बोलावलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी झाकण, मग लाल फोडी, मग कागद. शेवंतीबाईंनी अक्षरं लावत आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे आता कोन कोन बगतंय?" त्यांनी विचारलं.

"कोणीही, काकू. आत्ता अमेरिकेतसुद्धा कोणी बघत असेल," परशुराम म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला.

शेवंतीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्या हातात दिली.

"वैनी, या डब्याच्या पाठीमागं, वायरी हायेत ना, तिथं एक लाव. पुढं नको, बुरशी बोलतील."