परस्पर पुसलेले मेल

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे लालपेन म्हणत. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या कंपनीत ती बावीस वर्षं पत्रव्यवहार बघत होती. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांनी ग्राहकाला लिहिलेला मेल तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

चुकीचं इंग्रजी दिसलं की घासात केस निघावा तशी तिला शिसारी यायची. 'आय हॅव सेंट इट यस्टर्डे.' अरे, काल पाठवलंस तर ते कालच संपलं. नुसतं 'सेंट' म्हण आणि मोकळा हो. तारीख विचारायची तर तीन-तीन प्रश्नचिन्हं, जशी काही ग्राहकाची गचांडीच धरलीय. वर 'रिव्हर्ट बॅक' आणि 'डिस्कस अबाउट', दोन्हींत शेवटचा शब्द फुकटचा. पदव्या घेऊन आलेली ही मंडळी.

यंदा लागलेल्या मुलीची तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते. लालपेन तिचे मेल उघडायची, नाक मुरडायची आणि स्वतःच पुसून नव्यानं लिहून धाडायची. शिकवायला बसलं की अर्धा तास जातो, पुसायला दोन मिनिटं पुरतात.

शुक्रवारी साहेब म्हणाले, "पोरगी तयार झालीय. गेलेले सगळे मेल पाहिले मी. सोमवारपासून मोठे ग्राहक तिच्याकडे. तुम्ही तपासायचीही गरज नाही."

लालपेन गप्प बसली असती तर पोरीची नोकरी पक्की होती. पण पहिल्याच आठवड्यात ती तोंडावर पडली असती, आणि वर बसलेला देव सगळं बघतोच.

"साहेब, ते मेल माझे आहेत."

"म्हणजे तीन महिने तुम्ही तिला काय शिकवलंत?"

"काही नाही. नुसती सांडलवंड पुसली."

मुलीला कायम केलं नाही, महिनाभराची मुदत वाढवून दिली. ती टेबलाशी आली तेव्हा डोळे लाल होते.

"बाई, एकदा तरी सांगायचंत. मला वाटत होतं माझं बरोबरच आहे."

"गेलेला मेल कधी उघडून पाहिलास?"

"गेला म्हणजे झालं, असंच वाटायचं."

लालपेनला तिचा राग आला, पण स्वतःची किळस त्याहून मोठी होती.

सोमवारी तिनं मुलीचा मेल कागदावर छापला. जिथं चुकलं होतं तिथं कडेला नुसती उभी रेघ ओढली आणि कागद परत दिला.

"काय चुकलंय इथं?"

"ते तू मला सांग."

कागद चारदा गेला नि आला. ग्राहकाला बाराच्या आत उत्तर हवं होतं आणि साडेअकरा वाजून गेले होते. प्रश्नचिन्हं एकावर आली, क्रियापदाचा काळ जागेवर बसला, पण 'वी आर हॅविंग स्टॉक' तसंच होतं. लालपेनचा हात पेनाकडे गेला. 'वी हॅव' करायला एक क्षण पुरला असता. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि हनुवटीनं पाचव्यांदा तीच ओळ दाखवली.