तीस वर्षांचा कागद

आमच्या पेन्शन फंडात रोख्यांची खरेदी-विक्री बघणाऱ्या गृहस्थाला आम्ही मास्तर म्हणायचो. शिकवण्याची खोड होती म्हणून. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बारा वर्षं काढली आणि त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात गेली. माणूस मात्र बावनकशी.

व्याजदर जाहीर होण्याच्या दिवशी त्यांचा एक नेम असे. मध्यवर्ती बँकेचं निवेदन आलं की दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायचे आणि शेवटचं पान वाचून होईपर्यंत उचलायचे नाहीत. "आकडा सगळेच वाचतात," ते म्हणत. "पुढे काय करणार, ते शेवटी लिहिलेलं असतं."

त्या वर्षी महागाई हटायलाच तयार नव्हती. बँकेने दोनदा दर वाढवले होते. तिसऱ्या खेपेला पाव टक्का वाढेल असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि तेवढी घसरण बाजाराने आधीच पचवली होती. दुपारी निवेदन आलं. वाढ अर्ध्या टक्क्याची होती, आणि शेवटच्या पानावर 'आणखी वाढ करावी लागेल' असं स्पष्ट लिहिलं होतं.

संगणकाचे पडदे लाल झाले. शेअर बघणारा सहकारी कपाळाला हात लावून बसला. ज्या कंपन्यांचा नफा अजून दहा वर्षं दूर होता, त्या सगळ्यात आधी कोसळल्या. क्रिप्टोची आभासी नाणी तासाभरात दहा टक्क्यांनी खाली आली. मास्तरांचा भाचा त्यात पैसे घालून बसला होता, आणि मास्तर त्याला दर रविवारी सुनवायचे, "ना व्याज, ना नफा. ठेवीवर चांगलं व्याज मिळायला लागलं की तुझं नाणं कोण धरून ठेवणार?"

आमचे जुने रोखेही पडले. सहा टक्के देणारा जुना कागद, नवा साडेसात देत असताना पूर्ण भावाने कोण घेणार? शंभराचा तीस वर्षांचा रोखा ब्याऐंशीवर आला. मास्तर मात्र शांत होते. आमची पेन्शन द्यायची ती पुढच्या तीस वर्षांत. जुने रोखे मुदतीपर्यंत ठेवायचे, मुद्दल पूर्ण परत येणार. आणि नवे पैसे जास्त व्याजाने लागणार. "घ्या," ते मला म्हणाले. "आपल्यासाठी ही पर्वणी आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. थोरली बहीण होती. चौथ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. तळमजल्यावरचं एक घर तिने ठरवलं होतं. उरलेली रक्कम महिनाअखेर द्यायची होती. तिच्या निवृत्तीची सगळी पुंजी मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः रोख्यांत घातली होती. सरकारी कागद, बुडायची भीती नाही, म्हणून.

"अरे, ते रोखे आता मोडायला सांग," ती म्हणाली असावी. मास्तरांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी ते मला सोबत घेऊन गेले. एकट्याने जायची हिंमत नव्हती, हे त्यांनी जिन्यात सरळ सांगितलं. ताई खिडकीपाशी बसली होती. मास्तरांनी सगळं समजावलं: दर, महागाई, भाव. बोलताना एकदाही वर बघितलं नाही.

"म्हणजे सरकार बुडालं?" ताईने विचारलं.

"नाही गं. मुदतीला पूर्ण पैसे मिळतील."

"मुदत कधी?"

"अजून अठ्ठावीस वर्षं."

"आणि मी किती वर्षांची?"

अडुसष्ट हा आकडा मास्तरांना माहीत नव्हता असं नाही. आयुष्यभर फंडासाठी खरेदी केली, आणि बहिणीसाठीही फंडासारखीच केली. असली चूक आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. मला त्यांचा राग आला आणि तितकीच कीवही आली.

"कमी पडतील ते मी घालतो," ते म्हणाले.

"तुझ्या मुलीच्या शिक्षणाचे? ते नकोत मला." ताईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "भाच्याला नाण्यांवरून बोलायचास, तेव्हा मला वाटायचं, एक तरी शहाणा आहे घरात."

घर हातचं गेलं. विसार बुडाला.

त्यानंतर मास्तर निवृत्त होईपर्यंत ओळखीचं कुणी सल्ला विचारायला आलं, की ते व्याजाबद्दल अवाक्षर काढत नसत. आधी विचारायचे, "पैसे कधी लागणार?" आणि उत्तर ऐकेपर्यंत हात टेबलावर पालथे.

ताई आणखी सहा वर्षं जगली. मास्तर रोज कामावरून परस्पर तिच्याकडे जायचे, तिची भाजी आणि औषधं घेऊन चार मजले चढायचे. त्याच काळात दर उतरले, रोखा शंभराच्या वर गेला. मी त्यांना ते हौसेने सांगायला गेलो. ते म्हणाले, "माहीत आहे. पण आता तिला जिना उतरताच येत नाही."